थकलेल्या बिलांना मुदत मागताना हप्त्यांच्या तारखा कुठून काढायच्या

प्रश्न: आमचं निपाणीजवळ शेतीच्या पाइप-फिटिंगचं दुकान आहे. सांगलीकडच्या एका छोट्या कारखान्याकडून माल घेतो, ३० दिवसांच्या मुदतीवर. १२ ऑक्टोबरचं ₹१,६०,०००, २९ ऑक्टोबरचं ₹१,८५,००० आणि १८ नोव्हेंबरचं ₹१,३५,०००, अशी तीन बिलं मिळून ₹४,८०,००० देणं आहे. पहिल्या दोन बिलांची मुदत उलटून गेली. शेतकऱ्यांकडे आमची ₹७,१०,००० उधारी आहे, सगळे म्हणतात उसाचं बिल आलं की देतो. आज ५ डिसेंबर. मुदत मागणारं पत्र कसं लिहू आणि हप्त्यांच्या तारखा काय घालू? त्यांच्याकडे आमचा सही केलेला एक कोरा चेकही आहे.

उत्तर:

पत्राचा मसुदा खाली देतो, पण आधी तारखा काढू. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या दुकानांच्या वह्या मी बरीच वर्षं बघतो आहे. मुदत मागणारी पत्रं फसतात ती बहुतेक भाषेमुळे नाही, तारखांमुळे. ४,८०,००० भागिले चार, दर महिन्याच्या १० तारखेला १,२०,०००, असा हिशेब दिसायला नीट दिसतो. समोरचा मालक तो वाचतो तेव्हा त्याला कळतं की या माणसाने पैसे कुठून येणार याचा विचार केलेला नाही. पहिला हप्ता चुकतो, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच तारखेवर त्याचा विश्वास बसत नाही.

तारखा तुमच्या उधारीच्या वहीत आहेत. वही काढा आणि प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: याचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो, आणि ऊस गेला आहे की अजून उभा आहे. आपल्या सीमाभागात हे फार महत्त्वाचं आहे, कारण एकाच गावातला एक शेतकरी कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस घालतो तर त्याच्या बांधाशेजारचा कोल्हापूरकडच्या कारखान्याला. दोघांचे पैसे एकाच आठवड्यात येतीलच असं नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असतं आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पण ते १४ दिवस तुमच्या पत्रात आधार म्हणून वापरू नका. त्या त्या कारखान्याने मागच्या हंगामात प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे दिले, ते पाच शेतकऱ्यांना विचारा आणि तो आकडा धरा.

अशी मांडणी केली की ७,१०,००० चे तीन ढीग होतात. तुमचे नेमके आकडे मला माहीत नाहीत, म्हणून या भागात साधारण जसं दिसतं तसं धरून गणित करतो. तुम्ही तुमचे आकडे घाला.

पहिला ढीग, ऊस तुटून गेला आणि वजनाची पावती शेतकऱ्याच्या हातात आहे: समजा २,२०,०००. हे पैसे येणार हे नक्की, पण सगळे तुमच्याकडे येणार नाहीत. बिल शेतकऱ्याच्या बँकेच्या किंवा सोसायटीच्या खात्यात जमा होतं, तिथे आधी पीककर्ज कापलं जातं, मग राहिलेलं त्याच्या हातात येतं. त्यातून मुलांची फी, लग्नाचं देणं, मग तुमचं पाइपचं बिल. म्हणून इथे सत्तर टक्क्यांच्या आसपासच धरायचे: १,५०,०००, डिसेंबरअखेर ते १५ जानेवारीच्या दरम्यान.

दुसरा ढीग, नोंद आहे पण ऊस अजून फडात उभा आहे: ३,१०,०००. इथे तारीख तोडणीच्या क्रमपाळीवर अवलंबून असते, आणि क्रमपाळी टोळीवर. टोळी अर्ध्यात सोडून गेली की महिनाभर ऊस तसाच राहतो. या ढिगातले निम्मेच, म्हणजे १,५५,००० मी २० मार्चच्या आत धरीन, त्यातलेही बहुतेक फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यानंतर. बाकीचे निम्मे येतीलही, पण त्यांच्या भरवशावर तारीख द्यायची नाही.

तिसरा ढीग, सोयाबीनवाले, भाजीपाल्यावाले, एखादा विहीर-बोअरचा ठेकेदार: १,८०,०००. यातून महिन्याला थोडे थोडे करून मार्चपर्यंत ४०,००० धरा, जास्त नको.

याशिवाय गल्ल्यावरची रोखीची विक्री. भाडं, कामगाराचा पगार, घरखर्च आणि नवीन रोख खरेदी वजा जाता महिन्याला २५,००० शिल्लक राहतात असं धरलं, तर २० मार्चपर्यंत ८५,००० होतात. बँकेत आज देता येण्यासारखे ३०,००० आहेत असं समजू.

बेरीज करा: ३०,००० अधिक १,५०,००० अधिक १,५५,००० अधिक ४०,००० अधिक ८५,०००. होतात ४,६०,०००. देणं ४,८०,०००. म्हणजे ७,१०,००० उधारी असूनही मार्चपर्यंत वीस हजार कमीच पडतात. ही वस्तुस्थिती पत्र लिहिण्याआधी कळली तर उपाय करता येतो. पत्र दिल्यानंतर मार्चमध्ये कळली तर तोंड चुकवत फिरावं लागतं.

उपाय तुमच्या गोडाऊनमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. १८ नोव्हेंबरच्या मालातले न विकलेले मोठ्या व्यासाचे पाइप मोजा. विक्री मंदावलेली असताना घेतलेला माल बऱ्याचदा बंडलासकट तसाच पडून असतो. कारखान्याला तो परत घेण्यात अडचण नसते, कारण त्याचा माल त्याला दुसऱ्या दुकानात लगेच विकता येतो. समजा टॅक्ससह ६२,००० चा माल परत गेला आणि भाडं कापून त्यांनी ६०,००० चं क्रेडिट नोट दिलं, तर देणं ४,२०,००० वर येतं आणि तुमच्या ४,६०,००० मध्ये चाळीस हजारांची मोकळीक राहते. माल पाठवताना किंमत ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल लागतं हे विसरू नका, राज्याची हद्द ओलांडायची आहे. आणि क्रेडिट नोट आलं की तेवढ्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट कमी करायचं.

माल परत करूनही बेरीज जुळत नसेल, किंवा पहिल्या ढिगातली बरीच नावं गेल्या वर्षीच्या वहीतूनच पुढे आलेली असतील, तर मी स्पष्ट सांगतो: तुमची अडचण तात्पुरती नाही. मग हप्त्याचं पत्र देऊ नका. बँकेची सीसी मर्यादा, घरातलं सोनं तारण, किंवा दुकानाचा आकार कमी करणं, यातलं काय जमतं ते आधी बघा. जी उधारी एका उसाच्या हंगामात वसूल झाली नाही, तिच्या जिवावर दुसऱ्याला तारीख देणं बरोबर नाही.

बेरीज जुळली की हप्ते पाडायचे. ते सारखे असण्याची काहीच गरज नाही, उलट कमी-जास्तच हवेत. पैसे यायची शक्यता आणि हप्त्याची तारीख यांच्यात किमान पाच दिवस सोडा. वरच्या गणितावरून मी असे पाडीन:

८ डिसेंबर: ₹३०,००० (पत्रासोबतच)
१० डिसेंबर: माल परत, क्रेडिट नोट ₹६०,०००
३१ डिसेंबर: ₹४०,०००
२० जानेवारी: ₹१,३०,०००
२० फेब्रुवारी: ₹८०,०००
१० मार्च: ₹७०,०००
२० मार्च: ₹७०,०००

जानेवारीचा हप्ता मोठा आहे कारण पहिला ढीग तोवर हातात आलेला असेल. ३१ डिसेंबरचा लहान आहे कारण तो बहुतेक गल्ल्यातूनच भरायचा आहे. शेवटचा हप्ता २० मार्चला ठेवण्यामागे कारण आहे, आणि ते अनेक दुकानदारांना माहीत नसतं.

तुमचा पुरवठादार स्वतः माल तयार करणारा छोटा कारखाना आहे. त्याची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल (बिलावर उद्यम क्रमांक बघा, नसेल तर प्रमाणपत्र मागवा), तर एमएसएमई कायदा २००६ लागू होतो. त्याप्रमाणे लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत काही झालं तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. मुदत ओलांडली की बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागण्याचा त्याला हक्क मिळतो. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के. त्याने तुमच्या हप्त्यांना हो म्हटलं तरी कायद्यातला हा हक्क आपोआप जात नाही.

दुसरी बाजू आयकराची. ४३बी(एच) या नावाने ओळखली जाणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. १ एप्रिल २०२६ पासून आलेल्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला, नियम कायम राहिला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल वर सांगितलेल्या मुदतीनंतरही ३१ मार्चला न दिलेलं राहिलं, तर तेवढी खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरता येते. म्हणजे उशिरा का होईना पण ३१ मार्चच्या आत पैसे गेले, तर त्या वर्षीचा खर्च शाबूत राहतो. एप्रिलमध्ये गेले, तर मधल्या वर्षात नसलेल्या नफ्यावर कर भरायची वेळ येते. २० मार्च ठेवली की एखादा हप्ता आठवडाभर घसरला तरी वर्षाच्या आत बसतो. पुरवठादार नुसता व्यापारी असेल, स्वतः माल बनवत नसेल, तर त्याची उद्यम नोंदणी असली तरी हे दोन्ही नियम लागू होत नाहीत.

जीएसटीचा १८० दिवसांचा नियमही याच तारखांत सांभाळला जातो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे गेले नाहीत, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, पण व्याज गेलं ते गेलंच. तुमच्या १२ ऑक्टोबरच्या बिलाचे १८० दिवस १० एप्रिलला भरतात, आणि आपल्या मांडणीत ते बिल जानेवारीतच फिटतं.

आता पत्राआधीचं एक काम. त्यांच्याकडून खातेउतारा मागवा आणि तुमच्या वहीशी ओळ न् ओळ पडताळा. पत्रात तुम्ही सही करून बाकी मान्य करणार आहात, आणि मुदत कायद्याप्रमाणे अशी लेखी कबुली दिली की तीन वर्षांची दाव्याची मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. कबुली द्यायला हरकत नाही, देणं खरंच आहे. पण फुटून आलेल्या फिटिंगचं क्रेडिट, किंवा एखाद्या स्कीमचं राहिलेलं डिस्काउंट आत्ताच वजा करून घ्या. आकडा एकदा कबूल केल्यावर दोन महिन्यांनी तो वाद काढलात तर ती सबब वाटते, आणि ते साहजिक आहे.

मग फोन करा. पत्र अचानक जाऊ नये. आणि फोन वसुलीला येणाऱ्या मुलाला किंवा सेल्समनला नाही, थेट मालकाला. एवढंच म्हणा: "अण्णा, ऑक्टोबरची दोन बिलं थकलीत, मला माहीत आहे. उसाची बिलं लांबल्यामुळे उधारी अडकली आहे. सगळा हिशेब मांडलाय, तारखा लिहून पाठवतो, आणि तीस हजार ८ तारखेला टाकतो. थोडा माल पडून आहे, तो परत घेता येईल का तेवढं बघा." त्यांची अडचणही ऐकून घ्या. कच्च्या मालाचे पैसे त्यांनाही वेळेवर द्यावे लागतात, एखादी तारीख त्यांच्या सोयीने चार दिवस मागे-पुढे करावी लागेल. अशी बोलून ठरलेली तारीख जास्त टिकते.

पैसे टाकल्यावर पत्र पाठवा. मसुदा असा:

दिनांक: ८ डिसेंबर

प्रति,
(कारखान्याचं नाव व पत्ता)

विषय: थकीत बिलांच्या बाकीसाठी मुदत मिळणेबाबत

महोदय,

आपल्याशी ५ डिसेंबर रोजी फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे लिहीत आहे. दोन्ही खाती पडताळून आजच्या तारखेला आमच्याकडून आपणास पुढीलप्रमाणे येणे आहे: दि. १२ ऑक्टोबरचे बिल ₹१,६०,०००, दि. २९ ऑक्टोबरचे बिल ₹१,८५,०००; दि. १८ नोव्हेंबरचे बिल ₹१,३५,०००, एकूण ₹४,८०,०००. (बिल क्रमांक सोबत.)

यंदा आमच्या ग्राहकांची ऊसबिले उशिरा जमा होत असल्याने आमची उधारी वेळेत वसूल झालेली नाही. त्यामुळे ही रक्कम ठरलेल्या मुदतीत देता आली नाही, याबद्दल दिलगीर आहोत.

आज ₹३०,००० आपल्या खात्यात जमा केले असून यूटीआर क्रमांक सोबत देत आहोत. १८ नोव्हेंबरच्या बिलातील न विकलेला माल १० डिसेंबर रोजी परत पाठवत आहोत, त्याचे ठरल्याप्रमाणे ₹६०,००० चे क्रेडिट नोट द्यावे. उरलेले ₹३,९०,००० पुढील तारखांना एनईएफटीने जमा करू: ३१ डिसेंबर ₹४०,०००, २० जानेवारी ₹१,३०,०००, २० फेब्रुवारी ₹८०,०००, १० मार्च ₹७०,०००, २० मार्च ₹७०,०००.

प्रत्येक रक्कम आधी १२ ऑक्टोबरच्या, नंतर २९ ऑक्टोबरच्या व शेवटी १८ नोव्हेंबरच्या बिलापोटी जमा करावी. या काळात नवीन माल आम्ही रोखीनेच घेऊ, आणि त्या रकमा नवीन बिलांनाच लावाव्यात.

१ जानेवारीपासून शिल्लक रकमेवर दरमहा एक टक्का व्याज शेवटच्या हप्त्यासोबत देऊ.

आपल्याकडे असलेला आमचा चेक (क्रमांक ...) वरील हप्ते वेळेवर येत असेपर्यंत बँकेत भरू नये आणि पूर्ण रक्कम फिटल्यावर परत करावा, ही विनंती.

वरील तारखा मान्य असल्यास या पत्राच्या प्रतीवर सही करून अथवा व्हॉट्सअॅपवर लेखी कळवावे.

आपला,
(सही, शिक्का)

अडचणीचं कारण दोन वाक्यांतच सांगितलं आहे. घरचं आजारपण, पाऊस, बाजार, असं चार पानं लिहिलं की समोरच्याला वाटतं पैसे येणारच नाहीत. कारण असं हवं की ज्याचा शेवट दिसतो, आणि उसाचं बिल हे तसं कारण आहे.

कुठले पैसे कुठल्या बिलाला, हे वाक्य गाळू नका. करार कायद्यात देणाऱ्याने सांगितलं तर त्याप्रमाणे रक्कम लावावी लागते. तुम्ही काही बोलला नाहीत तर घेणारा त्याला हवी तशी लावू शकतो. मग असं होतं की जानेवारीत तुम्ही रोखीने नवीन माल घेता, ते पैसे त्यांच्या खात्यात जुन्या बिलाला लागतात, नवीन बिल थकीत दिसतं, आणि हप्ता भरूनही तुम्ही चुकलेले ठरता. एनईएफटी करताना रिमार्कमध्येही बिल क्रमांक टाका. आपल्या मांडणीत ऑक्टोबरचं पहिलं बिल २० जानेवारीला पूर्ण फिटतं, दुसरं १० मार्चला, तिसरं २० मार्चला. हे त्यांच्या हिशेबनिसालाही पडताळता येतं.

व्याजाचा मुद्दा काहींना खटकेल. हिशेब करून बघा: १ जानेवारीला ३,५०,००० शिल्लक, पुढे कमी होत जातात, तर २० मार्चपर्यंत एक टक्क्याने साधारण ५,७०० रुपये होतात. तेवढ्यात एक पुरवठादार टिकतो आणि कायद्याचं तिप्पट व्याज मागायची वेळ सहसा येत नाही. पण ते तुम्हाला परवडत असेल तरच लिहा. लिहून दिल्यावर व्याज न भरणं सर्वात वाईट.

आता चेक. ही बाब मी हलक्यात घेऊ देणार नाही. सही करून कोरा दिलेला चेक समोरच्याने रक्कम-तारीख भरून बँकेत टाकला आणि तो परत गेला, तर "मी कोरा दिला होता" हा सहसा बचाव होत नाही, देणं खरं असल्यावर तर नाहीच. चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत ते नोटीस देऊ शकतात, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८ खाली तक्रार. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही केस चालते ती चेक जिथे जमा केला त्या, म्हणजे घेणाऱ्याच्या बँक शाखेच्या ठिकाणी. त्यांचं खातं सांगलीत असेल तर तुम्हाला निपाणीतून दर तारखेला सांगलीच्या कोर्टात जावं लागेल, दुसऱ्या राज्यात, तिथला वकील लावून. म्हणून पत्रात चेकचा क्रमांक घालून तो थांबवण्याची विनंती केली आहे.

त्यांनी हप्त्यांचे पाच चेक पुढच्या तारखा टाकून मागितले तर काय? एकदम पाच देऊ नका. पुढच्या हप्त्याचा एक द्या, तो वटला की त्याच्या पुढचा. ऑक्टोबर २०२५ पासून चेक टाकल्या दिवशीच वटतात. आज टाकला तर परवा जाईल, तोवर पैसे भरू, ही जुनी सवय आता चालत नाही. चेकच्या तारखेला सकाळी खात्यात पैसे असलेच पाहिजेत. आपल्या हाताने तारखेला एनईएफटी करणं केव्हाही बरं, ते सुट्टीच्या दिवशीही जातं.

त्यांचं लेखी "मान्य आहे" मिळवण्यात आळस करू नका. तोवर तुमचं पत्र ही फक्त तुमची विनंती आहे, शिवाय त्यात बाकीची कबुलीही आहे. मुदत वाढवून देणं हा घेणाऱ्याचा अधिकार, आणि त्याने ती दिली याचा पुरावा तुमच्याकडे हवा. व्हॉट्सअॅपवर मालकाच्या नंबरवरून आलेलं एक वाक्यही कामाचं असतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून पत्राच्या प्रतीसोबत फाइलला लावा.

पुढे सगळ्यात नाजूक तारीख २० जानेवारी. १२ जानेवारीच्या सुमारास वही पुन्हा काढा आणि पहिल्या ढिगातले किती आले ते बघा. १,५०,००० ऐवजी ९०,०००च आले असतील, तर १६-१७ तारखेलाच फोन करा, २० ला दुपारी नाही. आणि नुसती नवीन तारीख मागू नका. आलेल्यातले ८०,००० २० तारखेला भरा, आणि राहिलेल्या ५०,००० साठी एकच नवी तारीख द्या, समजा ५ फेब्रुवारी. पुढचे हप्ते आहेत तसेच ठेवा. एकदा असं झालं तर मालक समजून घेतो. दुसऱ्यांदा तोच हप्ता पुढे ढकलला तर तो चेक काढतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही काढला असता.

दुसरी एक गोष्ट दुकानदार करतात आणि फार महागात पडते. जुन्या पुरवठादाराचे हप्ते चालू असताना त्याच जातीचा माल दुसऱ्या कारखान्याकडून उधारीवर उचलतात. चिकोडी-निपाणी भागात सेल्समन एकमेकांना ओळखतात, दोन आठवड्यांत बातमी सांगलीला पोचते. आपले पैसे थकवून दुसऱ्याचा माल भरतोय असं वाटलं की हप्त्याची बोलणी तिथेच संपतात. रोखीने थोडा थोडा माल त्यांच्याकडूनच घ्या, भाव रुपया-दोन रुपये जास्त असला तरी. रोखीचा गिऱ्हाईक म्हणून दर महिन्याला तुमचं नाव त्यांच्यासमोर येत राहतं.

आणि तुमची स्वतःची उधारी. ज्यांचा ऊस गेला आहे त्यांच्याकडे आजच जा, बिल यायच्या आधी. वजनाची पावती बघून त्यांच्याकडूनही "अमुक कारखान्याचं बिल जमा झाल्यापासून चार दिवसांत इतके" असं वहीत सहीनिशी घ्या. बिल जमा होऊन आठवडा गेल्यावर गेलात तर पैसे दुसऱ्या देण्याला गेलेले असतात. नात्यातले, गावातले लोक असल्याने संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, पण दादा-मामा म्हणतच मागता येतं.

२० मार्चचा हप्ता आणि व्याज गेलं की त्यांच्याकडून शून्य बाकीचा खातेउतारा घ्या आणि चेक हातात परत मिळवा. ६०,००० चं क्रेडिट नोट जीएसटी पोर्टलवर तुमच्या GSTR-2B मध्ये आलं आहे का तेही ३१ मार्चच्या आत बघून घ्या.